आपण थांबतो तेव्हा सोनं का उतरत नाही?

"आमची देवगड तालुक्यात हापूसची कलमं आहेत. धाकट्या मुलीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर करायचं ठरलंय. आठ तोळे घालायचेत. दोन वर्षं भाव उतरेल म्हणून थांबलो, तो चढतच गेला. सासूबाई म्हणतात, 'थांबा, पितृपक्षात उतारतला.' पुतण्या जहाजावर असतो, शांघायला जाऊन आलाय. तो म्हणतो, तिकडे भाव चढला की लोक दुकानापुढे रांगा लावतात, म्हणून आता उतरायचं नाव नको. आमच्या गावात तर कोणीच सोनं घेत नाही. एवढी माणसं घेत नसताना भाव उतरत का नाही? आणि मी आता घेऊ की थांबू?"
— एक आई, देवगड

ताई,

आधी काय करायचं ते सांगते, कारण नंतर. लग्नात मुलीच्या अंगावर जे घालायचं नक्की आहे, ते भाव पडण्याच्या भरवशावर ठेवू नका. आंब्याच्या पैशांतून पहिला भाग आत्ता घ्या, उरलेलं दोन वेळा विभागून घ्या, आणि घासाघीस भावावर न करता मजुरीवर करा.

रत्नागिरीत एका सराफी पेढीवर मी बावीस वर्षं हिशेब लिहिले. सकाळी मुंबईहून भाव यायचा, तो खडूने पाटीवर लिहायचा. भाव पाचशेनं उतरला की दुपारपर्यंत बाकावर जागा नसायची. हजारानं चढला की माणसं यायची, उंबऱ्यातूनच पाटी वाचायची, पाणी प्यायची आणि "बघतो" म्हणून निघून जायची. चढ आठवडाभर टिकली की जे यायचे ते घ्यायला नव्हे, जुनं देऊन नवं करायला. माझ्या वहीत अशा आठवड्यांत विक्रीच्या पानापेक्षा मोडीचं पान लवकर भरायचं.

आपल्याकडे हे असं का होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. सोनं कशासाठी लागणार हे आपल्याला वर्षभर आधी ठाऊक असतं. मंगळसूत्र, पाटल्या, बांगड्या, गळ्यातलं. किती तोळे घालायचे तेही दोन घरांत बोलून ठरलेलं. घ्यायचं की नाही हा प्रश्नच नसतो. केव्हा घ्यायचं, एवढंच आपल्या हातात उरतं. म्हणून आपण भावावर डोळा ठेवून बसतो आणि जरा खाली आला की धावतो. शिवाय हातातली रक्कम आंबा, काजू किंवा मासळीच्या हंगामाने ठरते. दीड लाख बाजूला निघाले असतील तर दीड लाखांचंच येणार, भाव चढला तर वजन कमी. आणि एकदा घरात आलेलं सोनं आपण सहसा विकत नाही. अडचण आली तर पतसंस्थेत गहाण ठेवतो, पावती देव्हाऱ्यात ठेवतो आणि गणपतीपर्यंत सोडवून आणतो.

आता तुमचा खरा प्रश्न. सगळे थांबले असताना भाव का उतरत नाही?

पाटीवरचा भाव एक दिसतो, पण त्यात दोन भाग असतात. मोठा भाग जगाच्या भावाचा. तो लंडन, न्यूयॉर्क आणि शांघायच्या व्यवहारांतून ठरतो, डॉलरमध्ये, औंसाच्या हिशेबाने. त्याला डॉलरचा दर आणि आपलं आयात शुल्क लागलं की माल मुंबईत कितीला पडतो ते निघतं. छोटा भाग इथल्या बाजाराचा. माल पडून आहे आणि गिऱ्हाईक नाही, असं झालं की माल ज्या किमतीला पडतो त्याहून व्यापारी खाली विकतात, त्याला ते डिस्काउंट म्हणतात. गर्दी आहे आणि माल कमी, तर वर घेतात, तो प्रीमियम. आपल्या थांबण्याने लगेच हलतो तो हा छोटा भाग. मोठा भाग हलायला आपण एकटे पुरत नाही.

हे आकड्यांनी दाखवते, एकच दिवस घेऊन. 23 जुलै 2024, केंद्रीय अर्थसंकल्पाचा दिवस. लंडनचा भाव 2,400 डॉलर धरा आणि डॉलर 83 रुपये 70 पैसे. गुणाकार केला की एक औंस 2,00,880 रुपयांना. औंस म्हणजे 31.1 ग्रॅम, म्हणून दहा ग्रॅमला साधारण 64,585 रुपये. (पेढीवरचा तोळा आता दहा ग्रॅमचाच. जुना तोळा साडेअकरा ग्रॅमच्या वरचा होता. सासूबाईंच्या दागिन्यांची वजनं ऐकताना हे लक्षात ठेवा.) त्या दिवसापर्यंत आयात शुल्क 15 टक्के होतं, म्हणजे माल इथे 74,270 रुपयांच्या आसपास पडायला हवा. पण आदल्या दिवशी वायदे बाजारात भाव होता 72,700 च्या आसपास.

हा दीड हजारांचा फरक म्हणजे आपलं न घेणं. भाव चढलेला, लग्नसराई संपलेली, शेतात लावणी चाललेली; गिऱ्हाईकच नव्हतं. शुल्क चुकवून चोरवाटेने आलेलं सोनंही शुल्क जास्त असलं की बाजारात स्वस्त मिळतं, तेही डिस्काउंट वाढवतं. म्हणजे अख्खा देश हात आखडून बसला तेव्हा तोळ्यामागे दीड हजार सुटले. लंडनचे 2,400 मात्र जागच्या जागी राहिले.

त्या दिवशी अर्थमंत्र्यांनी शुल्क 15 वरून 6 टक्क्यांवर आणलं. तोच 64,585 चा माल आता 68,460 च्या आसपास पडायला लागला आणि वायदे बाजारात भाव एका दिवसात सुमारे चार हजारांनी खाली आला. जगात काहीच बदललं नव्हतं. आपल्याकडे मात्र पेढ्या भरल्या, आणि थोड्याच दिवसांत व्यापारी डिस्काउंट सोडून औंसाला 20 डॉलरपर्यंत प्रीमियम मागू लागले. एवढा प्रीमियम त्याआधी जवळजवळ दहा वर्षांत दिसला नव्हता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चीनमधले व्यापारी डिस्काउंट देत होते. तिकडे उतरलेल्या शुल्काचा संबंध नव्हता आणि चढलेल्या भावाने दागिन्यांचं गिऱ्हाईक दमलं होतं.

चीनचं घेणं वेगळं आहे, आणि ते तुमच्या पुतण्याने पाहिलं ते बरोबर पाहिलं. तिकडे एक म्हण बाजारात सगळे बोलतात, तिचा अर्थ असा की चढत असताना घ्यावं, उतरत असताना घेऊ नये. आपल्या कानाला ते उलटं लागतं. पण तिथल्या माणसाच्या जागी बसून बघा. त्याची बचत मोठ्या प्रमाणात घरात अडकलेली. 2021 नंतर घरांचे भाव पडू लागले. शेअर बाजाराने वर्षानुवर्षं फारसं दिलं नाही. परदेशात पैसा न्यायचा तर माणशी वर्षाला 50,000 डॉलर इतकीच परकीय चलनाची मुभा. अशा माणसाला जे वर जाताना दिसतं, तिकडेच तो वळतो. सोनं त्याला लग्नासाठी लागतंच असं नाही, साठवलेला पैसा झिजू नये म्हणून लागतं. म्हणून भाव उतरू लागला की तो "स्वस्त झालं" म्हणत नाही, "हेही पडायला लागलं की काय" म्हणतो आणि थांबतो.

घेतात काय, तेही वेगळं. आपण बावीस कॅरेट घेतो, त्यात खडा, मीना, घडण आणि घराची रीत. तिकडचं साधं गिऱ्हाईक 999, म्हणजे जवळजवळ शुद्ध सोनं मागतं. शेनझेन शहरात शुइबेई नावाचा घाऊक बाजार आहे. तिथे त्या दिवसाचा शांघायचा भाव आणि वर दर ग्रॅमला ठरलेली मजुरी, असा सरळ हिशेब चालतो. तरुण पोरंपोरी महिन्याला एकेक ग्रॅमचे सोन्याचे मणी घेतात, त्यांना ते 'सोन्याचे दाणे' म्हणतात, आणि काचेच्या बाटलीत साठवतात. चिमुकला दाणा, त्याला ना घडण ना कडी. त्यामुळे विकायला सोपं आणि घट जवळजवळ नाही. हे सोनं अंगावर घालायचं नसतंच.

आणखी एक गोष्ट, जी भावाच्या दृष्टीने सगळ्यात मोठी आहे. चीनचा बाजार बंद टाकीसारखा आहे. खाणीतून सोनं काढण्यात तो जगात पहिला, वर्षाला 370 टनांच्या आसपास. तरी ते पुरत नाही, म्हणून बाहेरून आणावं लागतं, आणि बाहेरून आणायचं तर मध्यवर्ती बँक ठराविक बँकांना जेवढा कोटा देईल तेवढंच. 2002 साली सुरू झालेल्या शांघाय गोल्ड एक्स्चेंजमधून ते आत फिरतं, पण सहज परत बाहेर जात नाही. त्यामुळे आतल्या लोकांची झुंबड उडाली आणि कोटा अपुरा पडला की शांघायचा भाव लंडनच्या वर उसळतो. सप्टेंबर 2023 मध्ये हा प्रीमियम औंसाला 100 डॉलरच्याही वर गेला होता. एवढा फरक दिसला की लंडनच्या तिजोरीतल्या 400 औंसांच्या जड विटा स्वित्झर्लंडच्या कारखान्यांत वितळवून एक किलोच्या पट्ट्या होतात आणि पूर्वेला निघतात. मालाला तिकडून ओढ लागते ती अशी.

आता दोन्ही देश शेजारी ठेवून बघा. फेब्रुवारी 2024 च्या शेवटी लंडनमध्ये सोनं 2,050 डॉलरच्या आसपास होतं, एप्रिलच्या मध्यापर्यंत 2,400 ला टेकलं. त्या सहा-सात आठवड्यांत आपले व्यापारी डिस्काउंट देऊनही गिऱ्हाईक शोधत होते आणि शांघायमध्ये लोक वर पैसे मोजत होते. भाव एक, आठवडे तेच, आणि दोन बाजारांची तोंडं दोन दिशांना. तुमच्या गावात कोणी घेत नव्हतं ते खरंच होतं, पण तुमची जागा तिकडे भरून निघत होती. तुम्ही विचारलेल्याचं अर्धं उत्तर हे आहे.

उरलेलं अर्धं पुतण्यासाठी. तो म्हणतो तसं "चीन घेतोय, म्हणून उतरणार नाही" असं धरून चालू नये. वर्ल्ड गोल्ड कौन्सिलच्या आकड्यांप्रमाणे 2024 मध्ये चीनमध्ये दागिन्यांसाठी गेलेलं सोनं आधीच्या वर्षापेक्षा जवळपास चौथ्या हिश्श्याने घटून 480 टनांच्या आसपास आलं. आपलं दागिन्यांचं सोनं, शुल्क कपातीचा हात लागल्यामुळे, 560 टनांच्या आसपास टिकून राहिलं. म्हणजे चढत्या भावात चिनी बाईसुद्धा हार घ्यायचं टाळते, अगदी आपल्यासारखंच. त्याच वर्षी तिकडे वाढली ती बिस्किटं आणि नाणी, आणि ती 300 टनांच्या वर गेली. रांग खरी आहे, पण ती दागिन्यांच्या नव्हे, बिस्किटांच्या खिडकीवर. आणि बिस्किटं घेणारा माणूस मुलीचं लग्न करत नसतो. हवा फिरली की तोच माणूस विकायलाही येऊ शकतो.

दोन्ही देश जोरात घेत असतानाही सोनं पडतं, हे मी स्वतः पेढीवर बसून पाहिलं आहे. एप्रिल 2013. शुक्रवार 12 आणि सोमवार 15 तारीख, त्या दोन दिवसांत लंडनचा भाव दोनशे डॉलरांच्या आसपास कोसळला. आमच्या पेढीवर गर्दी आवरत नव्हती, एका आजींनी तर काट्यावरून चिमट्याने उचललेली नाणी रुमालात मोजून घेतली आणि मगच मला पैसे मोजू दिले. चीनमध्येही तेच. तिथल्या मध्यमवयीन बायकांनी दुकानं रिकामी केली, त्या खरेदीची जगभर चर्चा झाली. त्या वर्षी भारत आणि चीन दोघांची मिळून खरेदी प्रचंड होती. तरीही वर्षअखेर सोनं डॉलरमध्ये सुमारे 28 टक्के खाली होतं, कारण अमेरिकेत व्याजदर वाढण्याच्या चाहुलीने तिकडचे गुंतवणूकदार सोन्याचे फंड विकून बाहेर पडत होते. आपल्या खरेदीने पडणाऱ्याला उशी मिळाली, पण पडणं थांबलं नाही.

आणि त्याच 2013 मध्ये तुमच्यासाठी दुसरा धडा आहे. डॉलरमध्ये सोनं पडलेलं असताना ऑगस्टच्या शेवटी आपल्याकडे तोळा 34,000 च्या वर गेला, तेव्हाचा उच्चांक. कारण रुपया घसरून डॉलर 68 च्या वर पोचला होता, आणि आयात आवरायला सरकारने त्याच वर्षी शुल्क पायरी पायरीने 10 टक्क्यांवर नेलं होतं. शिवाय आणलेल्या मालाचा पाचवा हिस्सा निर्यातीसाठी ठेवायची अट. माल आतच येईना, म्हणून वर्षअखेरीला इथला प्रीमियम प्रचंड फुगला. लंडनमध्ये उतरलं म्हणून आनंदाने पेढीवर आलेली माणसं पाटी बघून मला विचारायची, "मग इथे का नाही उतरलं?" तेव्हा मला नीट सांगता यायचं नाही. आता येतं. आपण उतरायची वाट बघतो ती डॉलरमधल्या भावाची, आणि पैसे मोजतो रुपयांत. मधल्या रुपयाचा आणि शुल्काचा हिशेब आपण धरतच नाही.

म्हणून माझं मत असं आहे. भारतातलं गिऱ्हाईक भावाला खालून टेकू देतं, कारण जरा उतरला की आपण हजर असतो. चीनमधलं गुंतवणूकदार गिऱ्हाईक चढत्या भावाला मागून ढकलतं. या दोन सवयी एकत्र आल्या की सोनं वर जाताना झपाट्याने जातं आणि खाली येताना सहसा फार खाली जात नाही. मोठी पडझड होते ती अमेरिकेतलं व्याज, तिकडच्या फंडांची विक्री, मध्यवर्ती बँकांचं घेणं थांबणं अशा कारणांनी, आणि ती केव्हा होईल याचा मुहूर्त कोणत्याच पंचांगात नाही. तुमच्या लग्नाची तारीख मात्र पंचांगात आहे.

सासूबाईंच्या पितृपक्षाबद्दल. त्या म्हणतात त्यात तथ्य आहे, पण थोडं. गणपती झाले, चाकरमानी मुंबईला परतले की आपल्याकडे पेढीवर शुकशुकाट असतो. त्या पंधरवड्यात इथला प्रीमियम उतरतो किंवा डिस्काउंट वाढतो, आणि सराफही मजुरीत सवलत द्यायला तयार असतात. तेवढाच तो छोटा भाग. जगाचा भाव पितृपक्ष पाळत नाही. 2024 आणि 2025, दोन्ही वर्षांच्या पितृपक्षांत लंडनचा भाव सुरुवातीपेक्षा शेवटी वर होता. ज्यांनी आधीपासून पंधरवड्यासाठी राखून ठेवलं त्यांचे डिस्काउंटमध्ये वाचले त्याहून जास्त भावात गेले.

त्याच धाग्यातली आणखी एक गोष्ट सांगते, तुम्हाला आवडेल. पौषात आपल्याकडे लग्नं नसतात, पेढी निवांत असते. चिनी नवं वर्ष बहुतेक वर्षी पौष अमावास्येच्या आसपासच येतं आणि त्याआधीचे काही आठवडे तिकडे सोनेखरेदीचा सगळ्यात मोठा हंगाम असतो. 2025 मध्ये तर अमावास्या आणि त्यांचं नवं वर्ष एकाच दिवशी, 29 जानेवारीला आलं. म्हणजे आपण "पौषात कोणी घेत नाही, स्वस्त मिळेल" म्हणतो तेव्हा दुकानं तिकडे भरलेली असतात. तुमचं लग्न पौषाच्या आधी उरकलं तर हा प्रश्न नाही. पुढे माघात ढकललंत, तर खरेदी पौषापर्यंत ओढू नका.

आता तुमच्या आठ तोळ्यांचा हिशेब. वरच्या 2024 च्या भावाजवळचा एक सोपा आकडा धरते, तुम्ही त्या दिवशीचा घाला. चोवीस कॅरेट तोळ्याला 70,000 असेल तर बावीस कॅरेट, म्हणजे 916, साधारण 64,100 ला बसतं. समजा तुम्ही वाट बघून औंसाला 30 डॉलरचा चांगला डिस्काउंट पकडलात. डॉलर 84 धरला तर तो तोळ्याला 800 रुपयांच्या थोडा वर जातो, आठ तोळ्यांवर साडेसहा हजार. तोही पुरता तुमच्यापर्यंत पोचेल असं नाही. आता मजुरी बघा. एका पेढीवर 12 टक्के आणि शेजारी 8 टक्के असेल, तर चार टक्क्यांचा फरक तोळ्याला अडीच हजारांच्या वर, आठ तोळ्यांवर वीस हजार. यासाठी वाट बघावी लागत नाही, बाजारपेठेत शंभर पावलं चालावं लागतं.

मजुरी टक्क्यांत असण्यात एक खोट आहे, आणि हे मी पेढीच्या आतून सांगते आहे. भाव दुप्पट झाला की मजुरीही दुप्पट होते, पण कारागिराने पाटली घडवायला तेवढाच वेळ घेतलेला असतो. म्हणून "ग्रॅमला किती रुपये?" असं विचारा. साध्या पाटल्या, गोल बांगड्या, वाटीचं मंगळसूत्र यांना ग्रॅमवर मजुरी मागायला संकोचू नका. अनेक सराफ चढत्या भावात ते मान्य करतात, कारण त्यांनाही गिऱ्हाईक हवं असतं. ठुशी, चपलाहार, नक्षीच्या लक्ष्मीहाराला हात जास्त लागतो, तिथे मजुरी जास्तच येणार. वजन कमी बसवायचं असेल तर हार पोकळ करून घेऊ नका. चेपला की दुरुस्तीत घट जाते. त्यापेक्षा एक दागिना कमी करा.

तीन भाग असे करा. मंगळसूत्र आणि पाटल्या, म्हणजे ज्याविना लग्न लागत नाही, ते आत्ता. बांगड्या गणपतीनंतरच्या शुकशुकाटात, भाव काहीही असो. गळ्यातलं लग्नाच्या साधारण एक महिना आधी, म्हणजे घडायला वेळ राहील. भाव उतरला तर शेवटच्या भागात फायदा, चढला तर पहिल्या भागात. पूर्ण फायदा कुठेच नाही, आणि पूर्ण तोटाही नाही. पैशांची जमवाजमव त्या तारखांना बसत नसेल तर क्रम बदला, पण सगळं शेवटच्या भागावर ढकलू नका. महिन्याला हप्ता भरून वर्षअखेरीला सोनं घ्यायच्या पेढीच्या योजनांपासून मात्र लांब राहा. ओळखीच्या एका घराचे अकरा हप्ते भरून झाले आणि बाराव्या महिन्यात त्या दुकानाचं शटर खाली आलं. ती बाई आजही त्या पावत्यांची पिशवी टाकत नाही.

भाव बघायची सवय ठेवाल तर अशी ठेवा. दुपारनंतरचा लंडनचा डॉलरमधला भाव घ्या, त्याला त्या दिवशीच्या डॉलरने गुणा, 31.1 ने भागा, दहाने गुणा, वर चालू असलेलं आयात शुल्क लावा. मग इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशनचा त्याच दिवसाचा जीएसटीविना भाव बघा. तो तुमच्या आकड्यापेक्षा बराच खाली असेल तर देशभर गिऱ्हाईक नाही आणि सराफाशी बोलायला तो दिवस चांगला. वर असेल तर गर्दी आहे, दोन आठवडे थांबलात तर चालेल. शंभर-दोनशेच्या फरकाकडे बघू नका. शुल्क सरकारने पंधरवड्याला ठरवलेल्या किमतीवर लागतं आणि भाव दिवसात हलतो, म्हणून तेवढं इकडे-तिकडे होणारच.

शेवटचं, सासूबाईंच्या जुन्या बांगड्यांबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण त्या असणारच. आठातले दोन-तीन तोळे त्यातून आले तर बाजाराच्या भावाचा प्रश्न तेवढ्यापुरता मिटतो, कारण भाव चढो की उतरो, मोडीचा आणि नव्याचा बरोबरच हलतो. जुन्या दागिन्यांवर सहसा हॉलमार्क नसतो, म्हणून टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, काढावा लागतो. मशीनवर वरून काढलेला टंच फक्त पृष्ठभागाचा असतो. झाळून सांधलेला दागिना वितळवून काढलेला टंच खरा. वितळवण्याआधी आणि नंतर दोन्ही वजनं तुमच्यासमोर काट्यावर घ्यायला सांगा, खडे, मेण आणि दोरा आधी काढून वेगळे वजन करा. नवा दागिना हातात घेताना 22K916 चा शिक्का आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा हॉलमार्क क्रमांक, भिंगातून वाचा, तो बिलावर उतरवून घ्या आणि BIS Care अॅपमध्ये तिथेच उभ्या राहून टाकून बघा. आणि नथ मोडू नका. तिच्यात सोनं गुंजभर, मोती काढून वजन केलं तर हाती काहीच येत नाही.